गावच्या रस्त्यावरच्या १४ खड्ड्यांना डांबर किती लागेल?

प्रश्न: आमच्या गावचा फाट्यापासूनचा रस्ता उखडलाय. टेपने लांबी-रुंदी मोजली. उथळ खड्डे ९, मिळून १८ चौरस मीटर, खोली ४ सेंटीमीटर. खोल खड्डे ५, मिळून १२ चौरस मीटर, खोली १२ सेंटीमीटर. गुणाकार केला तर २.१६ घनमीटर, म्हणजे २,१६० लीटर डांबर येतं. ठेकेदार सहा बॅरल म्हणतो. नेमकं किती लागतं?

उत्तर: सव्वादोनशे किलोच्या आसपास. बॅरलमध्ये साधारण १५६ किलो डांबर असतं, म्हणजे दीड बॅरल. अर्धं बॅरल कोणी देत नाही, तेव्हा दोन आणा. मी लातूर-बीड पट्ट्यात रस्त्याच्या कामांवर सुपरवायझर आहे आणि हा हिशेब आम्ही साइटवर कागदाच्या चिटोऱ्यावर करतो. कसा, ते सांगतो, म्हणजे ठेकेदाराशी तुम्हालाच बोलता येईल.

तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण तो खड्ड्याच्या पोकळीचा आहे. त्या पोकळीत भरली जाते ती डांबर चोळलेली खडी. गावात आपण त्या काळ्या मालालाही डांबरच म्हणतो, तिथून घोळ सुरू होतो. १०० किलो मालात डांबर जेमतेम साडेतीन ते पाच किलो असतं, बाकी सगळी खडी आणि कच. नुसत्या डांबराने २,१६० लीटरची पोकळी भरायची तर चौदा बॅरल लागतील, आणि मे महिन्यात ते सगळं वितळून गटारीत जाईल.

दाबून बसवलेल्या एक घनमीटर मालाचं वजन सव्वादोन टनांच्या आगेमागे भरतं. त्यात साडेचार टक्के डांबर धरलं तर घनमीटरला साधारण शंभर किलो डांबर झालं. यातून तोंडी लक्षात राहणारं माप निघतं: एक चौरस मीटर जागा, एक सेंटीमीटर जाडी, एक किलो डांबर. हे मी मनाचं सांगत नाही. गावच्या रस्त्यावर काळ्या मालाचा जो २ सेंटीमीटरचा थर, म्हणजे कारपेट, टाकतात, त्याला दर दहा चौरस मीटरला १४.६ किलो डांबर लागतं आणि त्यावर पाणी अडवायला वाळू-कचेचा जो पातळ सील कोट देतात त्याला ६.८ किलो. दोन्ही मिळून २१.४. आमच्या तोंडी मापाने वीस येतात. खड्ड्याच्या कामाला एवढा मेळ पुरतो.

आता तुमचे आकडे. यात दोन दुरुस्त्या कराव्या लागतील.

पहिली दुरुस्ती क्षेत्रफळाची. तुम्ही मोजलंय ते खड्ड्याचं आजचं तोंड. पण काम करताना कडेचं भेगाळलेलं, खालून पोकळ झालेलं डांबर काढावंच लागतं. सब्बल मारत बाहेरच्या बाजूला सरकायचं. जिथं सब्बल ठणकन वाजते आणि तुकडा सुटत नाही, तिथं खडूने चौकोन आखायचा आणि कडा उभ्या कापायच्या. उतरती कड ठेवली तर तिथं माल कागदासारखा पातळ बसतो आणि पहिल्या ट्रॉलीखाली सोलून निघतो. एक मीटर बाय एक मीटर मोजलेला खड्डा चारही बाजूंनी दहा-दहा सेंटीमीटर वाढला की १.४४ चौरस मीटर होतो. मोठ्या खड्ड्यात ही वाढ प्रमाणाने कमी दिसते. तुमच्या यादीला सरासरी एक तृतीयांश वाढ धरू: उथळ १८ चे २४, खोल १२ चे १६. एकूण ४० चौरस मीटर. चुना टाकून चौकोन आखून झाले की पुन्हा टेप लावा आणि खरेदी त्या मापावर करा.

दुसरी दुरुस्ती खोलीची, आणि पैसा इथंच वाचतो. उथळ खड्डे तळ साफ करून सपाट केले की ४ चे ५ सेंटीमीटर होतात, ते पूर्ण काळ्या मालाने भरायचे. खोल खड्डे मात्र १२ सेंटीमीटर काळ्या मालाने भरायचं काही कारण नाही. खालचे ७ सेंटीमीटर खडी, कच आणि थोडा मुरूम पाणी मारून, ठोकून भरा आणि वरचे ५ सेंटीमीटर डांबरी माल. मूळ रस्ताही असाच असतो, खाली खडीकरण आणि वर डांबराचा पातळ थर.

म्हणजे डांबरी माल सगळीकडे ५ सेंटीमीटर:

४० चौ. मी. × ५ सेंमी × १ किलो = २०० किलो

यात टॅक कोट मिळवा. साफ केलेल्या तळावर आणि उभ्या कडांवर डांबराचा हलका हात मारल्याशिवाय नवा माल जुन्याला धरत नाही. चौरस मीटरला पाव किलो पुरतं. कडा धरून तुमचं क्षेत्र ४५ चौरस मीटरच्या आसपास जातं, म्हणजे सव्वाअकरा, ठोकळ बारा किलो धरू. झाले २१२. भांड्याला चिकटलेलं, सांडलेलं म्हणून पाच टक्के धरले की सव्वादोनशे. खोल खड्ड्यांत नव्याने भरलेल्या खडीवर टॅकच्या आधी पातळ इमल्शनचा, म्हणजे पाण्यात कालवलेल्या डांबराचा, प्राइम कोट लागतो, चौरस मीटरला पाऊण ते एक किलो. १६ चौरस मीटरला १२ ते १६ किलो. ते बॅरलच्या हिशेबात नाही, वेगळं आणावं लागेल.

खडीचंही सांगून टाकतो. ४० चौरस मीटरवर ५ सेंटीमीटर म्हणजे दाबलेला माल २ घनमीटर. सुटी खडी दाबल्यावर बसते, म्हणून सुटी १.३५ पट धरायची: २.७ घनमीटर. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा बारीक खडी आणि कच मिळून एक ब्रास. खोल खड्ड्यांच्या तळाला मोठी खडी अर्ध्या ब्रासला थोडी वर. याच कारणाने भरताना ५ सेंटीमीटरच्या थराला सुटा माल साडेसहापर्यंत पसरावा लागतो. रस्त्याच्या पातळीत सुटा माल भरला तर रोलर फिरल्यावर तिथं बशी तयार होते, आणि पावसाळ्यात पाणी पहिलं तिथंच साचतं.

आता सहा बॅरल. ते होतात ९३६ किलो. सगळे खड्डे तळापासून काळ्या मालाने भरले तरी २४ × ५ आणि १६ × १२ मिळून ३१२ किलो लागतात, म्हणजे टॅक आणि नासधूस धरून सव्वादोन बॅरल. सहाचा मेळ तरीही बसत नाही. पण लगेच भांडायला जाऊ नका. कदाचित तो खड्ड्यांच्या मधला उखडलेला पट्टाही कारपेट करायचं धरून चाललाय. उरलेल्या सातशे किलोंत टॅक धरून जवळपास ३०० चौरस मीटर कारपेट आणि सील कोट होतो, म्हणजे ३.७५ मीटर रुंदीच्या रस्त्याचे ७५ ते ८० मीटर. त्याला एवढंच विचारा: "हे सहा बॅरल किती चौरस मीटरला आणि किती जाडीला?" या दोन आकड्यांवर बोलणं झालं की बाकी आपोआप उलगडतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट डांबराच्या हिशेबाआधी बघावी लागते. खड्ड्याचा तळ काळ्या मातीचा लागला तर? १२ सेंटीमीटरवर पहार सहज आत जात असेल आणि टोकाला काळा चिखल येत असेल, तर खालचं खडीकरण मातीत गेलेलं आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर कितीही डांबर ओता, खड्डा त्याच जागी उघडतो. ती माती कडक मुरूम लागेपर्यंत काढा, मुरूम आणि खडीने थराथराने भरा. खोली १२ ची २५ झाली तरी डांबराचा आकडा बदलत नाही, कारण वरचा डांबरी थर ५ सेंटीमीटरच राहतो. वाढते ती मुरूम-खडी आणि मजुरी. खड्डा नळाच्या पाइपजवळ असेल तर गळती आधी बंद करा.

माल बरोबर आहे का, हे डोळ्यांनीही कळतं. मिक्सरमधून निघालेली खडी सगळ्या बाजूंनी काळी आणि चकचकीत हवी. दगडाचे करडे तोंड उघडे दिसले तर डांबर कमी आहे किंवा खडी ओली होती. घमेल्याच्या तळाला डांबर साचत असेल तर जास्त झालंय, ते ठिगळ उन्हाळ्यात घाम येऊन गुळगुळीत होतं. डांबर १५० ते १६० अंशांना तापवतात. भट्टीवर दाट निळसर-पिवळा धूर निघू लागला तर ते जळतंय, आणि जळलेलं डांबर ठिसूळ होतं, वजन बरोबर भरलं तरी कामाचं नाही. कोणी पातळ करायला त्यात डिझेल किंवा रॉकेल ओतत असेल तर तिथंच थांबवा.

काम शक्यतो दिवाळीनंतर, तळ कोरडा झाल्यावर घ्या, पण उसाच्या ट्रॉल्या जोरात सुरू व्हायच्या आधी. पावसाळ्यातच बुजवायची वेळ आली तर गरम डांबर ओल्या खड्ड्यात धरत नाही, इमल्शनचा थंड माल वापरावा लागतो. त्यात आकडा बदलतो: इमल्शनमध्ये डांबर ६० ते ६५ टक्केच असतं, बाकी पाणी. मालातल्या २०० किलो डांबरासाठी ३१० ते ३३० किलो इमल्शन घ्यावं लागेल. इथं ठेकेदाराने २०० किलो इमल्शन आणून "डांबर पूर्ण टाकलं" म्हटलं, तर खड्ड्यात खरं डांबर १२०-१३० किलोच गेलेलं असेल.

आखणी झाल्यावर १४ खड्ड्यांची लांबी, रुंदी, खोली वेगवेगळी लिहून इथं टाका. खोलीची सरासरी काढू नका, प्रत्येक खड्ड्याची सर्वांत खोल जागा लिहा. मी पुन्हा बेरीज करून देतो.