घरच्या कॉम्प्युटरला इन्व्हर्टर चालंल का यूपीएसच लागतो?

लाइट गेली की इन्व्हर्टर चालू होतो पण पीसी बंद पडून परत चालू होतो, यूपीएस घ्यावा लागंल का?

आधी इन्व्हर्टरच्या मागं एक बटण बघा, त्याच्यावर UPS असं लिहिलेलं असतं. पीसीचा एसएमपीएस लाइट गेल्यावर जेमतेम 15-20 मिलिसेकंद दम धरतो, साधा इन्व्हर्टर बॅटरीवर जायला त्याच्यापेक्षा जास्त वेळ घेतो म्हणून पंखा न् टीव्हीला काही कळत नाही पण पीसी रिस्टार्ट होतो. यूपीएस मोडवर तेच काम साधारण 10 मिलिसेकंदात होतं.

पण आपल्याकडं एक घोळ आहे राव. यूपीएस मोडमधी व्होल्टेज 180 च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लाइट असूनही बॅटरीवर जातो, साध्या मोडमधी मात्र 100-110 पर्यंत लाइटच वापरतो. आमच्या गावात रब्बीत शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज 165-170, मी बटण यूपीएसवर ठेवून बसलो न् रात्री खरंच लाइट गेली तेव्हा बॅटरी लो! मला वाटलं बॅटरीच खराब, उगंच पाणी चेक करत बसलो.

मग इन्व्हर्टर साध्या मोडवर टाकला आणि पीसीपुरता 600 व्हीएचा छोटा यूपीएस त्याच्या पुढं लावला, मधला झटका तो सांभाळतो, पुढचे दोन-तीन तास इन्व्हर्टर. फक्त इन्व्हर्टर साइन वेव्हचा पाहिजे, स्क्वेअर वेव्हवर काही यूपीएस टकटक करत सारखे बॅटरीवर जातात. लॅपटॉप असंल तर यातलं काहीच नको.