दरवाढीची सूचना: शब्द नंतर, आधी तारीख

प्रश्न: आमची छोटी कंपनी व्यावसायिकांना हिशेब ठेवण्याचं सॉफ्टवेअर वर्गणीवर देते. काही ग्राहक महिन्याचे आहेत, काही वर्षाचे. 20 मार्चला सर्वांना ई-मेल केला: ‘1 एप्रिलपासून दर 18 टक्क्यांनी वाढत आहेत. यापुढे बिल महिन्याअखेरीऐवजी आगाऊ निघेल आणि 30 ऐवजी 7 दिवसांत भरावं लागेल. सेवा वापरत राहिल्यास नव्या अटी मान्य आहेत असे समजले जाईल.’ आता ग्राहक ‘एकतर्फी’, ‘फसवणूक’ असे शब्द वापरू लागलेत. करारात ‘दरात बदल करायचा झाल्यास 30 दिवस आधी लेखी सूचना द्यावी’ असं कलम आहे. सूचनेची भाषा जरा न्याय्य वाटेल अशी करून द्याल का? आणि ज्यांनी वर्षाचे पैसे आधीच भरलेत, त्यांच्याकडून फरक कसा घ्यायचा?

उत्तर: भाषा बदलून देतो. पण ग्राहक चिडलेत ते भाषेमुळे नाही, 1 एप्रिल या तारखेमुळे. अशा सूचनांवर सल्ला मागणारी बहुतेक पत्रं सूचना गेल्यानंतरच येतात आणि बहुतेकांना विशेषणं बदलून हवी असतात. स्वतःच्याच करारातलं एका ओळीचं कलम ई-मेल पाठवण्याआधी वाचलं असतं, तर या पत्राची वेळ आली नसती.

ते कलम 30 दिवस मागतं, तुम्ही 12 दिलेत. 20 मार्चचा दिवस सोडून मोजलं तर तिसावा दिवस 19 एप्रिलला येतो. तुमचा महिना 1 तारखेला सुरू होतो, म्हणजे वाढीव दर लागू शकणारा पहिला पूर्ण महिना मे. एप्रिलची सेवा जुन्याच दराने. एप्रिलचं बिल महिन्याअखेरीला काढणार असलात तरी उत्तर तेच, कारण बिल कधी निघालं याला महत्त्व नाही. सेवा कोणत्या काळात दिली ते पाहिलं जातं. 30 दिवस पाठवल्यापासून मोजायचे की पोचल्यापासून, आणि ई-मेल ‘लेखी’त बसतो का, हे करारातल्या सूचना-पत्त्याच्या कलमावर ठरेल. ते तुम्ही पाठवलेलं नाही, म्हणून त्यावर ठाम बोलत नाही.

आता त्या कलमातल्या पहिल्या शब्दाकडे या. ते ‘दरात बदल’ म्हणतं. बिल आगाऊ काढणं हा दरातला बदल नाही, 30 दिवसांची मुदत 7 वर आणणं हाही नाही. दर बदलायचा अधिकार करारानं तुम्हाला दिलाय, बिलाच्या अटी बदलायचा दिलेला नाही. जिथे असा अधिकार नाही तिथे करार बदलायला दोन्ही बाजूंची संमती लागते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 62 मध्ये हेच आहे आणि इतर देशांचे करार कायदेही साधारण याच वाटेने जातात. तेव्हा दोन्ही बदल एका वाक्यात बांधू नका. एकाला सूचना पुरते, दुसऱ्याला ग्राहकाचा होकार लागतो. तुमच्या मसुद्यात ते एकत्र आल्यामुळे कमकुवत भागाने बळकट भागालाही खाली ओढलं.

‘वापरत राहिल्यास मान्य समजले जाईल’ या वाक्यावर फार भिस्त ठेवू नका. फेल्टहाउस विरुद्ध बिंडली या 1862 च्या इंग्लिश खटल्यात काकाने पुतण्याला लिहिलं होतं की तुझ्याकडून काही कळलं नाही तर घोडा माझा झाला असं समजेन. न्यायालयाने ते मानलं नाही. प्रस्ताव ठेवणाऱ्याने समोरच्याच्या गप्प बसण्यावर होकाराचा शिक्का मारायचा नसतो. स्पष्ट सूचना मिळाल्यावर, बाहेर पडायची सोय असूनही ग्राहक सेवा घेत राहिला, तर त्याच्या वागण्यातून संमती दिसते असा युक्तिवाद करता येतो. तो टिकेल का, हे त्या सोयीवर अवलंबून राहील.

वर्षाच्या ग्राहकांबद्दलचं उत्तर लहान आहे: फरक घ्यायचा नाही. त्यांनी ठरलेल्या मुदतीसाठी ठरलेली रक्कम भरली आहे. चालू मुदतीतही दर वाढवता येईल असं तुमचं कलम कुठेच म्हणत नाही, आणि संदिग्ध कलमाचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायची न्यायालयांची जुनी रीत आहे. नवा दर त्यांना नूतनीकरणापासून.

तुमच्या मसुद्यातला सर्वांत मोठा धक्का मात्र 18 टक्क्यांचा नाहीच, आणि तो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. समजा महिन्याचा दर 100 आहे. महिन्याअखेरीच्या पद्धतीवरून आगाऊ पद्धतीवर जाताना ग्राहकाला एप्रिलचं 100 चं बिल 30 एप्रिलला मिळेल आणि मेचं 118 चं आगाऊ बिल दुसऱ्याच दिवशी. एका दिवसाच्या अंतराने 218 ची मागणी. त्यातले 118 सात दिवसांत हवेत. आतापर्यंत त्याच काळात त्याच्या हातात 100 चं बिल आणि 30 दिवस असायचे. ग्राहकाला हे दुप्पट बिल दिसतं आणि मग सूचनेत फक्त ‘18 टक्के’ वाचून त्याचं डोकं फिरतं. यावर उपाय शब्दांत नाही, संक्रमणाच्या अटीत आहे. जुन्या पद्धतीच्या शेवटच्या बिलाला 30 दिवसांची मुदत तशीच राहू द्या (ती कमी करायचा अधिकार तुम्हाला नव्हताच), आणि पहिल्या तीन आगाऊ बिलांनाही 30 दिवस द्या. दोन बिलं लागोपाठ आली तरी ती भरायला महिना मिळेल.

दुसरी सवलत बाहेर पडण्याची. युरोपीय संघाच्या 1993 च्या अन्याय्य अटींविषयीच्या निर्देशाला जोडलेल्या यादीत, अंतिम किंमत फार वाढली तर ग्राहकाला करार मोडायची मुभा न देता विक्रेत्याला दर वाढवू देणारी अट संशयास्पद ठरवली आहे. तो निर्देश घरगुती ग्राहकांपुरता आहे, तुमचे ग्राहक व्यावसायिक आहेत, त्यामुळे त्यांना ग्राहक-संरक्षणाचा कायदा लागू होईलच असं म्हणत नाही. पण ‘अचानक’ आणि ‘न्याय्य’ यांतला फरक मोजायला ही पट्टी चांगली आहे. मुभा खरी हवी: दंड नाही, न वापरलेल्या काळाचे पैसे परत, आणि हिशेबाच्या नोंदी उतरवून घ्यायला पुरेसा वेळ. ज्याचे हिशेब तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये अडकलेत त्याला ‘खुशाल जा’ म्हणणं म्हणजे कुलूप लावून दार दाखवणं.

नवी सूचना साधारण अशी जाऊ द्या:

‘आमची 20 मार्चची सूचना रद्द समजावी. आपला मासिक दर सध्या 100 आहे. 1 मेपासून दिलेल्या सेवेसाठी तो 118 असेल. एप्रिलची सेवा जुन्याच दराने आहे. वार्षिक वर्गणीदारांचा दर चालू मुदत संपेपर्यंत बदलणार नाही. करारातील दरबदलाच्या कलमानुसार ही सूचना देत आहोत.

याशिवाय 1 मेपासून बिल महिन्याच्या सुरुवातीला काढावे, असा आमचा प्रस्ताव आहे. यासाठी आपली संमती आवश्यक आहे. संमती दिल्यास पहिली तीन आगाऊ बिले भरण्यास 30 दिवस मिळतील, त्यानंतर 7 दिवस. संमती न दिल्यास सध्याची बिलपद्धत आपल्या करारातील मुदतीपर्यंत तशीच राहील.

नवा दर मान्य नसल्यास 30 एप्रिलपर्यंत कळवून सेवा थांबवता येईल. त्यासाठी शुल्क नाही. उरलेल्या काळाची रक्कम परत मिळेल आणि आपल्या नोंदी त्यानंतर 60 दिवस उतरवून घेता येतील.’

एक अट आहे: ही सूचना 31 मार्चच्या आत पोचली पाहिजे. तशी पोचली तर पाठवण्याचा दिवस सोडूनही 30 दिवस एप्रिलमध्येच पूर्ण होतात. उशीर झाला तर मेच्या जागी जून घाला. जुनी सूचना रद्द करताना तिच्या तारखेचा फायदाही सोडावा लागतो.

यात ‘आपल्या अधिक चांगल्या सेवेसाठी’ नाही, ‘अपरिहार्य’ नाही, ‘नाममात्र’ तर मुळीच नाही. वाढ नाममात्र आहे का हे पैसे भरणारा ठरवतो. कारण द्यायचं असेल तर जे कागदावर दाखवता येईल तेवढंच द्या. सर्व्हरचा खर्च वाढला असं लिहाल तर कोणीतरी किती वाढला विचारेल, आणि तो उतरला तर दर का उतरला नाही हेही विचारेल. खोटं कारण दिलंत तर साधा दराचा वाद दिशाभुलीच्या आरोपापर्यंत जाईल. जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी-शेजारी, पहिल्याच परिच्छेदात हवेत. टक्केवारी पुढे करून आकडा लपवला की वाचणारा लगेच ओळखतो.

‘कोर्टात जाऊ द्या, बघू’ हा विचार मनात असेल तर तो काढून टाका. 18 च्या फरकासाठी ग्राहक दावा लावणार नाही. तो जुन्या दराने पैसे भरेल आणि फरक थकवेल. मग दावा तुम्हाला लावावा लागेल, कलमाचं पालन केलंत हे सिद्ध करायची जबाबदारीही तुमचीच, आणि तारखांवर तारखा पडत असताना वकिलाचा खर्च थकबाकीच्या कितीतरी पुढे गेलेला असेल. सेवा बंद करून वसूल करू म्हणाल, तर ज्या बिलाचा आधारच वादात आहे त्यावरून सेवा तोडणं हा तुमच्याकडून झालेला करारभंग ठरू शकतो.

1 एप्रिलपासूनच्या काळाचं एखादं बिल वाढीव दराने निघालंच असेल, तर तक्रारीची वाट न पाहता क्रेडिट नोट काढा. ज्यांच्या खात्यातून रक्कम आपोआप वळती होते त्यांनी दिलेली परवानगी 118 पर्यंत पुरते का तेही तपासा. नसेल तर नवी परवानगी घ्यावी लागेल.

शेवटी वार्षिक ग्राहकांची यादी नूतनीकरणाच्या तारखेनुसार लावा. नवी सूचना पोचल्यापासून 30 दिवसांच्या आत ज्यांचं नूतनीकरण येतं, त्यांना पूर्ण सूचना मिळालेलीच नसेल, म्हणून त्यांचं पुढचं वर्षही जुन्या दरानेच धरावं असा माझा सल्ला आहे. असे किती ग्राहक आहेत हे मोजल्यावर त्या 12 दिवसांच्या घाईची किंमत तुम्हाला कळेल. सूचना-पत्त्याचं कलम पाठवा, मग पुढचं बोलू.