खांब नव्हे, ध्रुव

प्रश्न: आमच्या सरांनी बटरवर्थ फिल्टर शिकवताना 'पोल म्हणजे खांब' असं सांगितलं. पुस्तकात मात्र 'ध्रुव' छापलंय. बरोबर काय? आणि 'मॅक्सिमली फ्लॅट'ला 'सर्वांत सपाट' म्हटलं तर चालेल का?

ध्रुव. खांब अजिबात नाही, आणि 'दोन्ही चालतं' असंही नाही. हा 'खांब' मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय आणि दर वेळी चिडतो, कारण शिकवणाऱ्यांना तो अनुवाद वाटतो. तो अनुवाद नाहीच, तो दुसऱ्याच शब्दाचा अर्थ आहे.

इंग्रजीत 'पोल' असे दोन वेगळे शब्द आहेत. एक लाकडाच्या वाशाचा, तो लॅटिन 'पालुस' म्हणजे जमिनीत रोवलेली मेख, तिथून आला. दुसरा पृथ्वीचा, चुंबकाचा आणि गणिताचा. तो लॅटिन 'पोलुस'मधून, त्याआधी ग्रीक 'पोलोस'मधून आला. 'पोलोस' म्हणजे ज्याच्याभोवती आकाश फिरतं तो आस. उच्चार आणि स्पेलिंग एक झालं म्हणून कूळ एक होत नाही. आपला 'खांब' हा 'स्कम्भ'चा नातू. पहिल्या पोलाशी त्याची सोयरीक जमेल, दुसऱ्याशी मुळीच नाही.

गोंधळाचं मूळ एका चित्रात आहे. काही पाठ्यपुस्तकांत एस-प्रतल म्हणजे ताणून धरलेलं रबराचं कापड, आणि प्रत्येक पोलाच्या जागी खालून काठी लावून ते तंबूसारखं उचललेलं, असं दाखवतात. चित्र म्हणून ठीक आहे, पण त्यावरून शब्दाचा अर्थ लावणं चूक. काठीला उंची असते. पोलापाशी फलाची किंमत अनंत होते, तिथे कुठली काठी पुरणार? उलट रीमानच्या गोलावर, म्हणजे सगळं प्रतल गुंडाळून केलेल्या गोलावर, अनंत हा बिंदू बरोबर उत्तर ध्रुवावर बसतो. म्हणजे पोलाच्या जागी फल खरोखरच ध्रुवावर जाऊन पोचतं. माझ्या मते संज्ञा समजून घ्यायला हेच चित्र योग्य, आणि या बाबतीत तंबूवाल्या लेखकांशी माझं कधीच जमणार नाही.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. 'पोलोस'चा मूळ धातू 'फिरणे' या अर्थाचा आहे, आणि त्याच धातूकुळातून संस्कृत 'चक्र' आलं, 'चर्'ही आला. म्हणजे 'पोल' हा 'चक्रा'चा चुलतभाऊ! आणि आपण त्याला प्रतिशब्द कोणता दिला? 'ध्रुव', म्हणजे जो हलत नाही तो. ग्रीकांनी आकाशातल्या त्या बिंदूला भोवतालच्या फिरण्यावरून नाव दिलं, आपल्या लोकांनी त्याच्या स्थिर राहण्यावरून. अर्थ एकमेकांच्या विरुद्ध, वस्तू तीच. लग्नात ध्रुवदर्शन करवतात ते याच स्थिरपणासाठी, आणि गाण्यात प्रत्येक कडव्यानंतर आपण परत जिथे येतो त्या ओळीला ध्रुवपद म्हणतात.

हे ध्रुवपद फिल्टरला इतकं चपखल बसतं की मी वर्गात तिथूनच सुरुवात करीन. सर्किटला तुम्ही बाहेरून काहीही द्या, त्याची स्वतःची अशी एक विरत जाणारी चाल असते आणि ती प्रत्येक उत्तरात मिसळून येतेच. ती चाल ठरवतात पोल, आणि पोल ठरतात रेझिस्टर-कपॅसिटरच्या किमतींवरून. आत येणाऱ्या सिग्नलनं ते जागचे हलत नाहीत. कडवी बदलतात, ध्रुवपद तेच राहतं. आता यात खांब कुठे बसवणार?

जागा अचूक का हवी, ते एका स्पेसिफिकेशनवरून दाखवतो. ३ किलोहर्ट्झपर्यंत घट १ डेसिबलपेक्षा जास्त नको आणि ९ किलोहर्ट्झला ती निदान ३० डेसिबल हवी, एवढीच मागणी धरू. बटरवर्थमध्ये वारंवारतेनुसार घट अशी ठरते:

```
घट (dB) = 10 log10( 1 + (f/fc)^(2n) )
```

यात `n` म्हणजे ध्रुवांची संख्या, `fc` म्हणजे ३ डेसिबल घट होते ती कटऑफ वारंवारता. १ डेसिबलसाठी कंसातलं ते घाताचं पद ०.२५९ हून मोठं चालत नाही, ३० डेसिबलसाठी ते ९९९ तरी लागतं. वारंवारता तिप्पट होईस्तोवर हे पद सुमारे ३८५८ पट वाढायला हवं. त्यातून `n` निघतो ३.७६. पावणेचार ध्रुव कुणी बसवू शकत नाही, म्हणून चार.

३.७६ ऐवजी पूर्ण चार घेतल्यामुळे थोडी मोकळीक मिळते, आणि ती कुठे खर्च करायची हे आपल्या हातात असतं. ३ किलोहर्ट्झची अट काठोकाठ पाळली तर कटऑफ ३.५५ येतो, ९ ची काठोकाठ पाळली तर ३.८०. मी ३.६५ घेतो. मग ३ किलोहर्ट्झला घट ०.८२ डेसिबल आणि ९ ला ३१.४. दोन्हीकडे थोडी जागा उरते, आणि कपॅसिटरची किंमत छापल्यापेक्षा थोडी इकडेतिकडे असतेच, तिला ती जागा लागते.

आता ध्रुव. समीकरण सोडवलं की पूर्ण वर्तुळावर समान अंतरावर आठ बिंदू मिळतात. उजवीकडचे चार सोडून द्यायचे, कारण त्यांची चाल विरत नाही, वाढत जाते. डाव्या अर्धवर्तुळावर चार उरतात. शेजारच्या दोघांत ४५ अंश, आणि कडेचे दोघे उभ्या अक्षापासून २२.५ अंशांवर. वर्तुळाची त्रिज्या म्हणजे कटऑफच, रेडियनमध्ये मोजलेली, सेकंदाला सुमारे २२,९००.

एकमेकांचं प्रतिबिंब असलेल्या दोन ध्रुवांची एक जोडी, अशा दोन जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीला ऑपॅम्पची एक स्टेज. आडव्या अक्षाजवळच्या जोडीचा क्यू ०.५४१, उभ्या अक्षाजवळच्या जोडीचा १.३०७. पहिली स्टेज एकटी पाहाल तर ती फार लवकर घसरते. दुसरी एकटी पाहाल तर घसरण्याआधी १.४१ पट वर उसळते. दोघींपैकी एकही सपाट नाही! कटऑफला पहिली ०.५४१ पट देते, दुसरी १.३०७ पट, गुणाकार ०.७०७. म्हणजे बरोबर ३ डेसिबल. सपाटपणा एकीच्या अंगात नसतो, दोघींच्या गुणाकारात असतो.

इथेच मी एकदा आपटलो. दोन ध्रुवांच्या बटरवर्थचा क्यू ०.७०७ असतो हे डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून तशाच दोन स्टेज एकापुढे एक जोडल्या आणि चार ध्रुवांचं बटरवर्थ झालं असं समजलो. ९ किलोहर्ट्झला मोजलं, ३१.६ डेसिबल, खूश झालो. मग ३.६५ ला १ व्होल्ट दिला. ऑसिलोस्कोपवर ०.७०७ दिसायला हवं होतं, दिसलं अर्धा व्होल्ट. अर्धा म्हणजे ०.७०७ चा ०.७०७ शी गुणाकार, ६ डेसिबल. ३ किलोहर्ट्झला १ डेसिबलची मुभा होती आणि घट निघाली ३.३. चारही ध्रुव त्याच अर्धवर्तुळावर होते, पण समान अंतरावर पसरायच्या ऐवजी दोन-दोन एकाच जागी बसले होते. अर्धवर्तुळावर असणं पुरत नाही, पसरलेलं असावं लागतं. म्हणून फक्त दूरची घट मोजून थांबू नका. कटऑफला मोजा, ही चूक तिथेच पकडली जाते.

स्टीफन बटरवर्थ या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञानं १९३० च्या लेखात हेच केलं होतं. दोन-दोन ध्रुवांच्या स्टेज, मध्ये व्हॉल्व्ह, आणि प्रत्येक स्टेजचं अवमंदन वेगळं. नावातल्या 'बटर'वरून 'लोण्यासारखा मऊ आलेख म्हणून बटरवर्थ' अशी व्युत्पत्ती मी एका व्याख्यानात ऐकली आहे. ती चूक. हे आडनाव पूर्वीच्या लँकेशरमध्ये रॉचडेलजवळ असलेल्या गावावरून पडलं. गावाच्या नावातला 'बटर' मात्र खरंच लोण्याचा, आणि 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली जागा, आपल्याकडच्या वाडीसारखी. लोणीवाडी म्हणा ना.

राहिलं 'सर्वांत सपाट'. नको. वरच्या सूत्रात आठवा घात आहे, म्हणून शून्य वारंवारतेपाशी या वक्राचे पहिले सातही अवकलज शून्य होतात. आठवाही शून्य केला तर फिल्टरच उरत नाही, नुसती सरळ रेषा उरते. करता येतील तेवढे सगळे शून्य केले, एवढाच 'मॅक्सिमल'चा अर्थ. त्यामुळे कटऑफच्या निम्म्या वारंवारतेला घट ०.०१७ डेसिबल, म्हणजे जवळपास काहीच नाही, पण नऊदशांशाला १.५ च्या वर. सपाटपणा शून्यापाशी साठवलेला आहे, काठाला तो आटतो. पासबँडभर लहान लहान लाटा चालणार असतील तर १ डेसिबलचा चेबिशेव्ह हेच स्पेसिफिकेशन तीन ध्रुवांत भागवतो. मग 'सर्वांत सपाट' म्हणजे कुठे सर्वांत, असा प्रश्न विद्यार्थी विचारणारच, आणि शब्दाकडे त्याचं उत्तर नाही.

'कमाल सपाट' म्हणा. 'कमाल' अरबी आहे, मूळ अर्थ पूर्णत्व, आणि 'कमाल तापमान' तर आपण रोज वाचतो. शक्य तेवढं पूर्ण केलं, हा भाव त्यात आयता आहे. वहीत लिहिताना आधी 'शून्यापाशी' जोडा: 'शून्यापाशी कमाल सपाट, चार ध्रुवांचा'.