गरोदरपणातील उच्च रक्तदाब: वर्गीकरण आणि उपचार

प्रश्न: परीक्षेत गरोदरपणातल्या बीपीचं वर्गीकरण आणि मॅनेजमेंट विचारलं तर कसं लिहायचं?

उत्तर: वर्गीकरण 20 आठवड्यांच्या रेषेवर उभं करा. 140/90 किंवा जास्त बीपी त्याआधीपासून असेल तर क्रॉनिक हायपरटेन्शन. नंतर सुरू झालं आणि बाकी काही नसेल तर जेस्टेशनल. सोबत लघवीत प्रोटीन किंवा अवयवांवर परिणाम असेल तर प्रीएक्लॅम्प्सिया, झटके आले की एक्लॅम्प्सिया. क्रॉनिकवर प्रीएक्लॅम्प्सिया चढला तर सुपरइम्पोज्ड. प्रोटीन नसलं तरी प्लेटलेट 1 लाखाखाली असतील तर निदान होतं. इथेच बरेच जण गुण घालवतात.

उपचार एका केसवर लिहा. 35 आठवडे, बीपी 170/112, डोकेदुखी, प्रोटीन ++. म्हणजे सिव्हिअर प्रीएक्लॅम्प्सिया. आधी लॅबेटॅलॉल 20 मिग्रॅ शिरेतून. बीपी उतरलं नाही तर 10 मिनिटांनी 40, मग 80. दमा असेल तर निफेडिपिन तोंडाने. बीपी 140-150/90-100 वर आणा. एकदम पाडलं तर वारेचा रक्तपुरवठा घटतो.

झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट: 4 ग्रॅम शिरेतून सावकाश, दोन्ही नितंबांत 5-5 ग्रॅम, मग दर 4 तासांनी 5 ग्रॅम, प्रसूतीनंतर 24 तासांपर्यंत. प्रत्येक डोसआधी गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वास आणि लघवी (तासाला किमान 30 मिली) तपासा. विषबाधेत रिफ्लेक्स आधी जातो, श्वास नंतर थांबतो. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट 1 ग्रॅम.

34 आठवडे उलटलेत, म्हणून स्थिर करून प्रसूती. सिझेरियन फक्त प्रसूतिशास्त्रीय कारण असेल तरच. वार पडताना मेथरजिन देऊ नका, ऑक्सिटोसिन द्या.