नवीन शैक्षणिक चॅनलच्या ट्रेलरची स्क्रिप्ट कशी लिहावी? चॅनल कुणासाठी आहे आणि बघणाऱ्याला काय मिळेल, हे एका मिनिटात कसं बसवायचं?

पहिल्या वाक्यात स्वतःचं नाव घेऊ नका. स्वागत नको, लोगो नको, पदव्या तर नकोतच. हे मी इतकं ठासून सांगतोय कारण याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या जोडीदाराचं चांगलंच वाजलं होतं.

आम्ही दोघांनी गणिताचं चॅनल काढलं. आमचा पहिला ट्रेलर एक मिनिट पन्नास सेकंदांचा. बारा सेकंद फिरता लोगो आणि संगीत, मग ‘आमच्या चॅनलवर आपलं मनःपूर्वक स्वागत’, मग आमचा शिकवण्याचा अनुभव, मग पाचवी ते बारावीच्या गणितातल्या सगळ्या घटकांची यादी. जोडीदाराचं म्हणणं, आधी विश्वास बसला पाहिजे. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक किती वेळ टिकले त्याचा आलेख दिसतो. लोगो संपेपर्यंत निम्मे लोक निघून गेले होते. आमचा अनुभव ऐकायला कुणी थांबलंच नव्हतं, मग विश्वास बसणार कसा?

दुसरा ट्रेलर मी एकट्याने लिहिला. पडद्यावर चेहरा नाही, फक्त दोन हात आणि कागदाची एक पट्टी. स्क्रिप्ट अशी होती:

‘अपूर्णांकांचा भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा करायचा, हे तुला पाठ आहे. पण का उलटा करायचा? (पट्टी मधोमध दुमडली.) ही अर्धी पट्टी. हिच्यात पाव पट्ट्या किती मावतील? (अजून एक घडी घालून उलगडली.) दोन. अख्ख्या पट्टीत चार मावतात, म्हणून अर्धीत चाराच्या निम्म्या. म्हणजे अर्धा भागिले पाव करताना आपण अर्ध्याला चाराने गुणलं. उलटा करणं म्हणजे एवढंच. उत्तर बरोबर येतं पण ते का येतं हे कळत नाही, अशा सहावी-सातवीच्या मुलांसाठी हे चॅनल आहे. दर शनिवारी एक नियम, आणि तो कुठून आला ते. झटपट उत्तराच्या युक्त्या इथे मिळणार नाहीत. अपूर्णांकांपासून सुरुवात करायची तर पहिली प्लेलिस्ट लाव.’

सावकाश वाचून, घड्या घालायला वेळ देऊन, हे साधारण एका मिनिटात बसतं. यात ‘आम्ही सोप्या भाषेत शिकवतो’ असं कुठेच म्हटलेलं नाही. सोपं शिकवता येत असेल तर ट्रेलरमध्येच अर्धा मिनिट शिकवून दाखवा. काय मिळणार, हे बघणाऱ्याला तिथेच कळतं.

‘कुणासाठी’ हे ठरवताना सगळ्यांची मारामारी होते. जोडीदाराला भीती होती की सहावी-सातवी म्हटलं की आठवीची मुलं जातील. जाऊ देत. इयत्तेपेक्षा मूल नेमकं कुठे अडलंय ते सांगा. त्याच जागी अडलेलं नववीचं मूलही थांबतं, आमच्याकडे थांबली. आणि काय मिळणार नाही तेही एका वाक्यात सांगून टाका, म्हणजे युक्त्या शोधणारा चिडून परत जाणार नाही.

वचन मात्र तयार असलेल्या व्हिडिओंपुरतंच द्या. पुढे भूमितीही येईल असं आम्ही पहिल्या ट्रेलरमध्ये म्हणून बसलो आणि भूमितीचा एकही व्हिडिओ नव्हता. लोक खाली विचारत राहिले. ट्रेलर साधारणपणे सबस्क्राइब न केलेल्यांनाच दिसतो, त्यामुळे आपल्याला कुणी ओळखत नाही असं धरूनच लिहायचं. जुन्या प्रेक्षकांसाठी वेगळा व्हिडिओ ठेवता येतो.

नव्या चॅनलवर बघणारेच मोजके, म्हणून आलेखावर फार विसंबू नका. त्यापेक्षा ओळखीच्या एका मुलाला ट्रेलर दाखवा, पंधराव्या सेकंदाला थांबवा आणि विचारा, ‘यात काय चाललंय?’ आमच्या पहिल्या ट्रेलरला उत्तर आलं, ‘कुणीतरी सर बोलतायत.’ दुसऱ्याला आलं, ‘उलटा का करायचा ते सांगतायत.’

एक राहिलं. विषय औषधोपचाराचा किंवा कायद्याचा असेल तर तुम्ही कोण आहात हे लवकर सांगावं लागतं, कारण चुकीच्या सल्ल्याने नुकसान होतं. तरीही ते दुसरं वाक्य असावं, पहिलं नव्हे.

जोडीदार अजून म्हणतो की दुसरा ट्रेलर चालला तो आवाज स्वच्छ होता म्हणून. माईक तोच होता, खोलीही तीच होती.