बीपी उतरत नाही, पोटॅशियम कमी आलंय, ज्येष्ठमधामुळे असेल का?

प्रश्न: आई ६८ वर्षांची, आमच्याकडे नेरुळलाच असते. बीपी १६५/९५ च्या खाली येत नाहीये. आधी टेल्मिसार्टन ४० होती, महिन्यापूर्वी डॉक्टरांनी त्यात क्लोरथॅलिडोन जोडली. आता रिपोर्टमध्ये पोटॅशियम २.९ आलंय आणि रात्री पायात गोळे येतात. ऍसिडिटीसाठी ती पाच-सहा महिने रोज सकाळ-संध्याकाळ चमचाभर ज्येष्ठमधाचं चूर्ण पाण्यातून घेते. घरगुतीच आहे म्हणून डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. त्याचा काही संबंध असेल का?

उत्तर:

ताई, दाट शक्यता आहे. पण आधी आजचं काम. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मध्ये असावं लागतं, २.९ म्हणजे पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबायचा आकडा नाही, त्यामुळे आजच डॉक्टरांना फोन करून आकडा सांगा आणि ईसीजी काढून घ्या, कारण पोटॅशियम खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. धडधड, चक्कर, किंवा हातपाय इतके गळालेत की खुर्चीतून उठवत नाही असं काही असेल तर फोनचीही वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीला न्या. चूर्ण आत्तापासून बंद. बीपीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, क्लोरथॅलिडोनचं काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारा, त्याबद्दल खाली लिहितो.

माझं नौपाड्यात मेडिकल आहे, बरीच वर्षं काउंटरवर उभा आहे, आणि "घरगुती आहे म्हणून सांगितलं नाही" हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय की आता कुणाचं पोटॅशियम कमी आलं की मी आधी काढा-चूर्णाचंच विचारतो.

आता हे होतं कसं. ज्येष्ठमधाच्या मुळीला जो गोडवा असतो तो ग्लायसिरायझिनचा, आणि आतड्यातले जंतू त्याचं ग्लायसिरेटिनिक ऍसिड करतात, ते रक्तात जातं. पुढचा सगळा प्रकार किडनीत घडतो. शरीरात मीठ धरून ठेवायला आणि पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकायला सांगणारं हॉर्मोन म्हणजे अल्डोस्टेरॉन, ते किडनीतल्या एका रिसेप्टरवर बसून काम करतं. गंमत म्हणजे कॉर्टिसॉल हे दुसरं हॉर्मोनही त्याच रिसेप्टरवर तितकंच घट्ट बसू शकतं, आणि रक्तात ते अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट असतं. तरी एरवी आपल्याला काही होत नाही, कारण किडनीच्या त्या पेशींमध्येच एक एन्झाइम असतं, ते आलेल्या कॉर्टिसॉलचं तिथल्या तिथे कॉर्टिसोन करून टाकतं आणि कॉर्टिसोनला त्या रिसेप्टरवर बसता येत नाही. ज्येष्ठमधातला तो पदार्थ नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतो. मग कॉर्टिसॉल मोकळं सुटतं, रिसेप्टरवर जाऊन बसतं, आणि किडनीला वाटतं की अल्डोस्टेरॉनचा पूर आलाय. मीठ आणि त्याच्याबरोबर पाणी अंगात राहतं, बीपी चढतं, कुणाच्या पायाला सूज येते, आणि पोटॅशियम लघवीतून जात राहतं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९८७ मध्ये हे एन्झाइमचं कोडं उलगडून दाखवलं. पण त्रास दिसला होता त्याच्या खूप आधी, १९४६ मध्ये रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरांनी पोटातल्या अल्सरच्या पेशंटना ज्येष्ठमधाचा अर्क दिला, अल्सरला आराम पडला पण काहींच्या अंगावर सूज आली. म्हणजे पोटासाठीच घेतलेलं ज्येष्ठमध आणि हाच त्रास, तुमच्या आईंसारखंच.

यातून एक गोष्ट लक्षात येईल, ती म्हणजे केळी आणि शहाळ्यांनी हे का भरून येत नाही. चूर्ण चालू असेपर्यंत किडनी पोटॅशियम सोडतच राहते. आणि त्यात क्लोरथॅलिडोन. ही लघवी वाढवणारी गोळी, बीपीसाठी चांगली गोळी आहे, पण तीही पोटॅशियम बाहेर काढते, म्हणजे दोन्हीकडून गळती. डॉक्टरांची यात काही चूक नाही, बीपी उतरत नसेल तर हीच गोळी जोडायची पद्धत आहे, त्यांना चूर्णाचं माहीतच नव्हतं. तुम्ही एक करा, घरातली जुनी फाइल काढा आणि क्लोरथॅलिडोन सुरू व्हायच्या आधीचं पोटॅशियम सापडतं का बघा. तेव्हाच ३.३-३.४ असेल तर चूर्णावरचा संशय पक्का होतो, कारण नुसत्या टेल्मिसार्टनने पोटॅशियम कमी होत नाही, झालंच तर थोडं वाढतं. तेव्हा ४.२ वगैरे असेल तर गोळीचा वाटा मोठा आहे, तरी बीपी न उतरण्याचं कारण चूर्ण असू शकतंच.

प्रमाणाचा हिशोब करून बघू. घरातला चमचा जरा शिगोशीग भरला तर चूर्ण ३ ग्रॅमच्या आसपास बसतं, दोन वेळचं ६ ग्रॅम. मुळीत ग्लायसिरायझिन किती हे मुळीगणिक बदलतं, २ टक्क्यांपासून ८-९ टक्क्यांपर्यंत. ४ टक्के धरलं तर ६ ग्रॅममध्ये २४० मिलिग्रॅम होतं. मूळ जोरकस असेल तर ४८० वरही जाईल, आणि डबा बदलला की आकडा बदलला, चवीवरून तुम्हाला कळणार नाही. युरोपात रोजची सुरक्षित मर्यादा १०० मिलिग्रॅम धरतात, आणि ती पण फार निवांत मर्यादा नाही, कारण २०२४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी तरुण निरोगी लोकांना रोज १०० मिलिग्रॅम दोन आठवडे दिलं तर वरचं बीपी सरासरी ३ ने वाढलं. तरुणाला ३ म्हणजे काहीच नाही, पण आधीच बीपी असलेल्या ६८ च्या बाईंना रोज २४० आणि तेही सहा महिने, हे वेगळंच प्रकरण आहे. आपल्या आयुर्वेदाच्या अधिकृत ग्रंथातही चूर्णाची मात्रा दिवसाला २ ते ४ ग्रॅम दिलीय, आणि वैद्य देतात तेव्हा ठराविक दिवस देऊन परत नाडी बघतात, सहा महिने आपलं आपण चालू ठेवायला कुणी सांगत नाही. सगळ्यांनाच इतकं बाधतं असंही नाही. वय, आधीचं बीपी, किडनी, आणि बद्धकोष्ठ यावर बरंच अवलंबून आहे. पोट साफ होत नसेल तर चूर्ण आतड्यात जास्त वेळ राहतं आणि जास्त शोषलं जातं, आणि पोटॅशियम कमी झालं की आतडं आणखी मंदावतं. आईंना पोटाचा त्रास आहे का ते विचारा.

आता निदान. बीपी जास्त आणि पोटॅशियम कमी अशी जोडी दिसली की डॉक्टरांना ऍड्रिनल ग्रंथीच्या गाठीची शंका येते आणि ती बरोबरच आहे. तिथे रक्तात अल्डोस्टेरॉन जास्त आणि त्याला एरवी चालना देणारं किडनीतलं रेनिन कमी सापडतं. ज्येष्ठमधात मात्र दोन्ही कमी सापडतात, कारण मीठ भरपूर झाल्यामुळे शरीराने खरं अल्डोस्टेरॉन बनवणंच कमी केलेलं असतं. कॉर्टिसॉल रक्तात बहुतेक वेळा नॉर्मलच येतं, त्यावरून काही कळत नाही. आमच्याकडे एक गाणं शिकवणारे काका यायचे, आवाजासाठी दिवसभर तोंडात ज्येष्ठमधाची काडी, जांभळी नाक्यावरून जुडीच्या जुडी आणायचे. पायातली ताकद गेली, जिना चढवेना, पोटॅशियम २.६, बीपी १८० च्या वर, ऍडमिट करावं लागलं. रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही तळाला आले तेव्हा वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं की काका तुम्ही तोंडात काय चघळता, आणि तिथे उलगडा झाला. काडी बंद केली, पोटॅशियम दिलं, तरी पोटॅशियम आपल्या पायावर उभं राहायला दोनेक आठवडे गेले आणि बीपी तर त्याहून सावकाश उतरलं.

हा उशीर का लागतो ते नीट समजून घ्या, कारण इथेच लोक गडबडतात. तो पदार्थ पित्तातून परत आतड्यात येतो आणि पुन्हा शोषला जातो, त्यामुळे चूर्ण बंद केल्यावरही तो अंगात फिरत राहतो. एन्झाइम मोकळं व्हायला एक-दोन आठवडे सहज लागतात, आणि झोपलेलं रेनिन-अल्डोस्टेरॉन जागं व्हायला काही वेळा महिनेही लागतात. चार दिवसांत बीपी तसंच दिसलं म्हणून "चूर्णाचा संबंध नव्हता" असं ठरवून परत सुरू करू नका. 

आणि त्याच्या पुढचा धोका उलट्या बाजूचा आहे. डॉक्टर बहुतेक पोटॅशियम क्लोराईडचं सिरप देतील, कदाचित स्पायरोनोलॅक्टोनही देतील कारण ती त्याच रिसेप्टरला अडवते. सुरुवातीला हे लागतंच. पण चूर्णाचा असर ओसरला की गळती थांबते, आणि तेव्हा सिरप, स्पायरोनोलॅक्टोन आणि टेल्मिसार्टन एकत्र चालू राहिलं तर पोटॅशियम वर उडी मारू शकतं, ते ६ झालं तर तेही तितकंच वाईट. शिवाय वाढवलेल्या गोळ्यांवर बीपी एकदम खूप खाली येऊन चक्कर येऊ शकते, या वयात पडणं परवडत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात पोटॅशियम दोनदा तरी तपासून घ्या, नंतर महिनाभर दर आठवड्याला, सोबत क्रिएटिनिन, आणि घरी सकाळ-संध्याकाळ बीपी वहीत लिहून ती वही डॉक्टरांना दाखवा म्हणजे कुठली गोळी कधी कमी करायची ते त्यांना ठरवता येईल.

घरातली बाकीची औषधंही एकदा टेबलावर मांडून बघा. लेबलवर ज्येष्ठमध लिहिलेलं असेलच असं नाही, यष्टिमधु, मुलेठी किंवा लिकोरिस असंही असतं, आणि खोकल्याच्या सिरपात, घशाच्या गोळ्यांत, पोटाच्या चूर्णांत ते सर्रास असतं. घसा बसला म्हणून दोन दिवस काडी चघळली तर घाबरायचं कारण नाही, पण आईंनी निदान या वर्षात तेही नकोच. घरात कुणी डिगॉक्सिन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड घेत असेल, किंवा कुणी गरोदर असेल, तर त्यांनीही लांब राहावं. ऍसिडिटीचं औषध डॉक्टरांकडून वेगळं घ्या. ग्लायसिरायझिन काढून टाकलेलं ज्येष्ठमध डीजीएल नावाने मिळतं, त्यात हा त्रास नसतो, पण ते सुद्धा आत्ता नको, आधी पोटॅशियम जागेवर येऊ दे.

चूर्ण बंद होऊन दीड-दोन महिने झाले, क्लोरथॅलिडोनही बंद आहे, आणि तरी पोटॅशियम पुन्हा ३.५ च्या खाली येतंय असं झालं तर कारण दुसरं आहे. तेव्हा डॉक्टरांना रेनिन-अल्डोस्टेरॉनची टेस्ट करायची का ते विचारा, आणि टेस्टच्या आधी कुठल्या गोळ्या थांबवायच्या हेही त्यांनाच ठरवू द्या, कारण स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना केलेल्या त्या टेस्टचा अर्थ लावणं कठीण जातं.