महिनाअखेरचा माल आणि चार खुर्च्या

प्रश्न: सांगलीत एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कन्सल्टिंग, सेल्स, ऑपरेशन्स, फायनान्स यांत रोज नेमकं काय काम करावं लागतं? घरचे म्हणतात सेल्स म्हणजे दारोदार फिरणं, मित्र म्हणतात कन्सल्टंट हो. काय बघून ठरवू?

उत्तर: एमबीए झाल्यावर मी काही वर्षं पॅकबंद खाद्यपदार्थांच्या विक्रीत होतो, मिरज-जत पट्ट्यात. आता बँकेत छोट्या व्यापाऱ्यांची कर्जं बघतो. चारही कामांची वेगवेगळी वर्णनं करण्यापेक्षा एकच प्रसंग चारही खुर्च्यांवरून दाखवतो. प्रसंग असा: महिन्याची 29 तारीख, टार्गेट अजून गाठायचंय, आणि मिरजेच्या एका डिस्ट्रिब्युटरच्या गळ्यात 4 लाखांचा जादा माल मारायचाय.

आधी सेल्स. दिवस सकाळी नऊला एजन्सीवर सुरू होतो. सेल्समनबरोबर त्या दिवसाच्या बीटवर, म्हणजे ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर निघायचं, दुपारपर्यंत चाळीसेक दुकानं करायची. किती दुकानांत गेलो, कितींनी ऑर्डर दिली, कुठे जुना माल पडून आहे, हे ॲपवर भरायचं. यातलं फिरणं सवयीचं होतं. अवघड जातं ते संध्याकाळी शेठसमोर, म्हणजे त्या डिस्ट्रिब्युटरसमोर बसणं. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला बिल केलं ती प्रायमरी आणि त्याने दुकानदाराला विकलं ती सेकंडरी. तुमचं टार्गेट बहुतेक ठिकाणी प्रायमरीवर मोजतात, पण माल खरा खपतो तो सेकंडरीत. या दोन आकड्यांतली तफावत शेठच्या गोडाऊनमध्ये साचत जाते.

शेठचा हिशेब असा असतो (आकडे समजण्यापुरते). महिन्याची विक्री 12 लाख, मार्जिन 5 टक्के, म्हणजे 60 हजार. दोन सेल्समन, टेम्पो, गोडाऊन भाडं धरून खर्च 42 हजार. हातात 18 हजार, वर्षाला 2 लाख 16 हजार. आता पैसा किती अडकलाय? गोडाऊनमध्ये 8 लाखांचा माल, बाजारात 5 लाखांची उधारी, स्कीम, खराब माल वगैरेंचे कंपनीकडे अडकलेले क्लेम 1 लाख. एकूण 14 लाख, म्हणजे परतावा 15 टक्क्यांच्या थोडा वर. त्यात तुम्ही 29 तारखेला 4 लाखांचा माल घातलात की अडकलेले पैसे 18 लाख होतात आणि परतावा 12 टक्क्यांवर येतो. दिवसभराची धावपळ, उधारी बुडायची भीती आणि वर 12 टक्के. मग शेठ म्हणतो, "साहेब, यापेक्षा एफडीत टाकतो की, निदान झोप तरी लागंल."

या वाक्याला उत्तर देणं म्हणजे सेल्सची नोकरी. चांगला सेल्स ऑफिसर त्या वेळी वही काढून बसतो. अडकलेला क्लेम या आठवड्यात सोडवून देतो, न खपणारे दोन प्रकार ऑर्डरमधून काढतो, 4 लाखांऐवजी दीड लाखाची ऑर्डर घेतो आणि उरलेल्या टार्गेटसाठी वरिष्ठांची बोलणी खातो. ज्याला नुसतं गोड बोलता येतं तो 4 लाख मारतो आणि तीन-चार महिन्यांत एजन्सी बसवतो. म्हणजे घरचे ज्याला दारोदार फिरणं म्हणतात, त्यात वर्गात शिकलेलं खेळतं भांडवल रोज वापरावं लागतं, तेही समोरचा माणूस चिडलेला असताना.

आता तोच माल कारखान्याच्या बाजूने बघा. कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या खाद्यपदार्थाच्या युनिटमध्ये ऑपरेशन्सवाल्याचा दिवस आदल्या दिवशीच्या उत्पादनाच्या आकड्यांवर उभ्या-उभ्या होणाऱ्या मीटिंगने सुरू होतो. प्लॅन किती होता, निघालं किती, कुठलं मशीन बंद पडलं, किती कामगार आले नाहीत. सेल्सवाले महिन्याच्या शेवटी माल ढकलतात, म्हणून याचा पहिला पंधरवडा सुस्त जातो आणि शेवटच्या आठवड्यात जादा शिफ्ट, ओव्हरटाइम, गाड्यांसाठी फोनाफोनी. त्यात 30 तारखेला कळतं की ज्या पाकिटाची ऑर्डर आहे त्याचा छापील रोलच संपलाय. हा माणूस दिवसभर छोटे निर्णय घेतो: कुठली लाइन थांबवायची, कुठली गाडी आधी सोडायची. ज्याला संध्याकाळी आज काय झालं ते मोजून बघायला आवडतं, त्याला हे मानवतं. ज्याला रात्रीचा फोन नको, त्याला नाही.

फायनान्सच्या खुर्चीवर सध्या मीच आहे. त्या शेठचं आमच्याकडे 10 लाखांचं सीसी लिमिट आहे, म्हणजे माल-उधारीच्या तारणावर तो तेवढे पैसे उचलू शकतो, असं धरा. दर महिन्याला तो स्टॉक स्टेटमेंट देतो: माल 12 लाख, उधारी 5 लाख. दोन्हींवर बँकेचं 25 टक्के मार्जिन कापलं तरी ड्रॉइंग पॉवर, म्हणजे तारणावर उचलता येणारी रक्कम, पावणेतेरा लाख निघते; म्हणजे पूर्ण 10 लाख उचलायला हरकत नाही. मग मी गोडाऊन बघायला जातो. पुढच्या थप्पीत ताजे बॉक्स, मागच्या थप्पीत मुदत संपत आलेले. 4 लाखांचा माल वजा केला, नव्वद दिवसांवरची 2 लाखांची उधारी वजा केली, की ड्रॉइंग पॉवर सव्वाआठ लाखांवर येते. पैसे मात्र त्याने आधीच 10 लाख उचललेत. आता त्याला पावणेदोन लाख भरायला सांगायचं आणि तसा रिपोर्ट लिहायचा. माझा बराचसा दिवस कागद तपासण्यात, जीएसटी रिटर्न आणि खात्यातली उलाढाल जुळवण्यात जातो. कंटाळवाणं आहे, नाकारत नाही. पण जुळत नसलेला आकडा दिसला की ज्याला चैन पडत नाही, त्याच्यासाठी हे काम बरं.

इथेच एक सावधगिरी. कॅम्पसला फायनान्स म्हणून येणाऱ्या बऱ्याच नोकऱ्या खरं तर विक्रीच्या असतात. रिलेशनशिप मॅनेजर म्हणजे बहुधा खाती, विमा आणि कर्ज विकणं, तेही महिन्याच्या टार्गेटवर. त्यात कमीपणा काही नाही, पण बॅलन्सशीट बघायला मिळेल या आशेवर जाऊ नका.

कन्सल्टिंगबद्दल थोडक्यात, कारण ते मी वर्गमित्राकडून ऐकलंय, केलेलं नाही. त्याच कंपनीने सल्लागार बोलावले की सुरुवातीचे दिवस बिलिंगचा डेटा साफ करण्यात जातात, कारण मिरजेच्या एकाच एजन्सीचं नाव तीन स्पेलिंगांनी नोंदलेलं असतं. मग निम्म्याहून जास्त विक्री शेवटच्या आठवड्यात होते हे आलेखात दाखवायचं, सेल्स ऑफिसरांच्या मुलाखती घ्यायच्या, रात्री मॅनेजरने सुचवलेले बदल स्लाइडमध्ये करायचे. शेवटी शिफारस: इन्सेंटिव्ह सेकंडरीवर द्या, टार्गेट चारही आठवड्यांत वाटून द्या. शिफारस बरोबरच असते. पण ती अमलात आली का, शेठचे पैसे सुटले का, हे बघायला तो मिरजेत नसतो, तोवर दुसऱ्या शहरात दुसऱ्या धंद्याचा डेटा साफ करत असतो. वर्षभरात चार धंदे आतून बघायची हौस असेल तर हे छान आहे. एकाच गोष्टीमागे लागून ती तडीस न्यायची सवय असेल तर तिथे तगमग होते.

तुम्ही सांगलीतच आहात, तर गणपती पेठेतल्या किंवा मिरजेतल्या एखाद्या एजन्सीवाल्याला विचारून महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत त्याच्याकडे बसा. कंपनीचा माणूस येईल, बँकेचा फोन येईल, माल उतरेल. आणि मुलाखतीत पद विचारण्याऐवजी हे विचारा: माझं टार्गेट कशावर मोजणार, आठवड्यातले किती दिवस ऑफिसबाहेर, आणि माझ्या आधी या जागेवर जो होता तो सध्या कुठे आहे. शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर त्या माणसाला शोधून फोन करा.